‘पैसे आलेच नाहीत’: ही बातमी छापण्याआधी कशी तपासायची

वर मंत्र्यांनी जाहीर केलेला लाभार्थ्यांचा आकडा, खाली ‘आम्हाला काही मिळालं नाही’ म्हणणाऱ्या तीन बायका, आणि ‘दावा फोल’ असा मथळा. नव्या बातमीदारांना अजूनही अशीच बातमी करायला सांगतात, आणि ते ऐकलं की माझा संताप होतो. ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी एका छापील कागदाने आडवी होते. मग त्या तिघींपैकी जिला खरोखरच पैसे मिळालेले नसतात, तिचंही कोणी ऐकून घेत नाही.

मी पुण्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेवर ती सुरू झाल्यापासून बातम्या करते आहे. खालची पद्धत त्याच योजनेवर घासून तयार झाली आहे. आधारच्या आधाराने थेट खात्यात पैसे टाकणाऱ्या कुठल्याही योजनेला ती चालते.

आधी आकडा कशाचा आहे ते ठरवा

‘लाभार्थी’ हा शब्द भाषणात चार वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो: अर्ज केलेल्या, पात्र ठरलेल्या, ज्यांच्यासाठी पैसे पाठवले त्या, आणि ज्यांच्या खात्यात जमा झाले त्या. वहीत चार रकाने आखा आणि कुठलाही आकडा कानावर आला की तो कुठल्या रकान्यात बसतो ते लिहा. बसत नसेल, तर तो आकडा बातमीत वापरायचा नाही. त्या अधिकाऱ्याला फोन करून विचारायचं.

याच टप्प्यावर एक साधा गुणाकार करून बघा. दरमहा १५०० रुपये म्हणजे वर्षाला एका बाईचे १८,००० रुपये. जून २०२४ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील असं सांगितलं होतं. त्याला १८,००० ने भागलं तर सुमारे २ कोटी ५५ लाख बायका येतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद होती ३६,००० कोटी. त्याला भागलं तर बरोबर २ कोटी. तरतूद म्हणजे खर्च नव्हे, आणि ‘नमो शेतकरी’चा लाभ घेणाऱ्या बहिणींना इथे ५०० रुपयेच मिळतात, म्हणून या भागाकारातून बायकांची संख्या सिद्ध होत नाही. पण कुठला प्रश्न विचारायचा, ते यातून कळतं.

खर्चाचा आकडा शासन निर्णयांतून काढणार असाल, तर फक्त महिला व बालविकास विभागाचे निर्णय बघून बेरीज करू नका. या योजनेचा पैसा सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या तरतुदीतूनही येतो. एकाच विभागाची बेरीज केली, तर कमी खर्च दिसतो आणि नसलेली तफावत तुम्ही छापून बसता.

दुसरी एक चूक मी मोठमोठ्या दैनिकांत पाहिली आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की २६.३४ लाख जणांचा लाभ जूनच्या हप्त्यापासून तात्पुरता थांबवला आहे. काहींनी त्याची ‘इतक्या बहिणींना पैसे मिळालेच नाहीत’ अशी बातमी केली, तर काहींनी ‘इतक्या बोगस’ अशी. तपासणीसाठी थांबवणं ही वेगळी गोष्ट आहे. पैसे पाठवले पण पोचले नाहीत ही वेगळी, आणि पात्र असून पाठवलेच नाहीत ही आणखी वेगळी. या तिन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबू नका.

वस्तीत जाताना

एकच वस्ती घ्या आणि घरोघर जा. कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या बायकांना गाठू नका. तिथे तक्रार असलेल्याच येतात. अंगणवाडी सेविकेला आधी भेटा, अर्ज बहुतेक तिच्याच हातून गेलेले असतात. प्रत्येकीला ‘पैसे मिळाले का’ असं विचारू नका. ‘अर्ज कधी भरला, मंजूर झाल्याचा मेसेज आला का, शेवटचा पैसा कधी आला, किती आला’ असं विचारा. जुलै आणि ऑगस्ट २०२४ चे पैसे एकत्र ३००० आले होते, त्यामुळे ‘एकदाच आले’ म्हणणाऱ्या बाईला दोन हप्ते मिळालेले असू शकतात.

‘आले नाहीत’ म्हणजे नेमकं काय: खरी मेहनत इथेच आहे

मी तोंडावर आपटले ती याच टप्प्यावर, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत मी ४१ अर्जदार बायकांशी बोलले. त्यातल्या ९ जणींनी पैसे आले नाहीत असं सांगितलं. सगळ्यांचे अर्ज मंजूर होते, मेसेज मी डोळ्यांनी पाहिले होते. पासबुकंही पाहिली, त्यात जमा नव्हती. मी बातमी दिली. दुसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याने मला बोलावून समोर कागद ठेवला. नऊपैकी पाच जणींच्या नावापुढे पैसे जमा झाल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक होता. ‘मॅडम, आम्ही पाठवलेत. ही बघा बँक,’ ते म्हणाले. आम्हाला खुलासा छापावा लागला. त्याच पानावर मग ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं निवेदनही आलं, आणि उरलेल्या चौघींचा विषय तिथेच संपला.

त्या पाचांपैकी एक मावशी सहकारनगरात चार घरची धुणीभांडी करतात. गाव मराठवाड्यात. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पुण्यातल्या बँकेचं पासबुक काढून दाखवलं होतं. तोच खातेक्रमांक अर्जावरही होता. मी परत गेले आणि विचारलं, ‘मावशी, याआधी दुसरं कुठलं खातं होतं का?’ त्या म्हणाल्या, ‘गावाकडं होतं बाई, रोजगार हमीला. ते कधीच बंद पडलं.’ ते बंद पडलेलं नव्हतं. तीन हजार रुपये त्याच खात्यात जमा होते. गावातल्या पुतण्याने पासबुक भरून आणलं आणि त्याचा फोटो पाठवला, तेव्हा ती ओळ मी पाहिली.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण अर्जावरचा खातेक्रमांक पाहून सगळेच फसतात. थेट लाभाचे पैसे आधार क्रमांकावर जातात. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक नकाशा असतो: अमुक आधार क्रमांक, अमुक बँक. पैसे पाठवताना हा नकाशा बघितला जातो आणि रक्कम त्या बँकेकडे जाते. एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकच बँक असते. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे नकाशात ती बँक आली, असं होत नाही. ओळख पटवण्यासाठी आधार जोडणं आणि लाभ घेण्यासाठी आधार संलग्न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी बँकेत वेगळी संमती द्यावी लागते. उलट, कधीतरी कुठल्या तरी फॉर्मवर सही किंवा अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेने संलग्नता आपल्याकडे वळवलेली असते. २०१७ मध्ये मोबाइलच्या सिमची पडताळणी करताना लोकांना न कळत पेमेंट बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचं अनुदान तिकडे वळलं, हे प्रकरण देशभर गाजलं होतं.

म्हणून ‘आले नाहीत’ म्हणणाऱ्या प्रत्येक बाईसोबत बसून ही तपासणी करायचीच. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर लॉगिन करावं लागतं:

```
myaadhaar.uidai.gov.in
Bank Seeding Status
```

तिथे बँकेचं नाव, संलग्नता चालू आहे की नाही आणि ती शेवटची कधी बदलली याची तारीख दिसते. खातेक्रमांक दिसत नाही. बँकेचं नाव ऐकून बाई ‘हे तर माझं नाहीच’ म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवू नका. नवऱ्याला, मुलाला विचारा. घरातली सगळी जुनी पासबुकं बाहेर काढायला लावा.

ओटीपी तिच्या मोबाइलवर येईल आणि तो तिनेच टाकायचा. तुम्ही तो ऐकायचाही नाही. ही माझी पक्की अट आहे. वस्तीत ओटीपी विचारून पैसे लुबाडणारेही फिरतात, आणि एकदा बातमीदाराला ओटीपी सांगितला की पुढच्या वेळी दुसऱ्याला सांगायला ती घाबरणार नाही. आधारला जोडलेला नंबर जुना असेल, तर संकेतस्थळ उघडणारच नाही. मग तिच्यासोबत बँकेच्या शाखेत जा. तिची आधार संलग्नता कुठे आहे ते शाखेत बघता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. तुम्हाला दिसते ती आजची संलग्नता. हप्ता ज्या दिवशी गेला त्या दिवसाची नाही. ऑगस्टमध्ये पैसे आले नाहीत म्हणून बाईने ऑक्टोबरमध्ये बँकेत जाऊन संलग्नता बदलली असेल, तर आज तिचं योग्य खातं दिसेल, आणि ऑगस्टचे पैसे मात्र जुन्या बँकेत पडून असतील. ‘शेवटचा बदल’ ही तारीख हप्त्याच्या तारखेनंतरची असेल, तर जुन्या बँकेचं पासबुक पाहिल्याशिवाय त्या हप्त्याबद्दल एक अक्षरही लिहू नका.

पासबुकही नुसतं शेवटचं पान बघून परत देऊ नका. ते त्याच दिवशी भरून घ्यायला लावा. तीन महिने न भरलेलं पासबुक काहीच सिद्ध करत नाही. जमेच्या ओळीत योजनेचं नाव असेलच असं नाही. एनएसीएच, एसीएच, एपीबीएस अशी अक्षरं असतात आणि पुढे रक्कम. आणि जमेच्या लगेच खालची ओळ वाचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काही बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड या पैशांतून कापला होता, आणि तो कापू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं होतं. अशा बाईच्या दृष्टीने पैसे आलेच नाहीत, कारण हातात काही पडलं नाही. सरकारच्या दृष्टीने जमा झाले. दोघंही खरं बोलतात. बातमीत हा प्रकार वेगळा मांडावा लागतो, कारण त्याची जबाबदारी वेगळ्या दारात आहे.

माझ्या नऊ जणींचा शेवटी लागलेला हिशेब असा. चौघींचे पैसे जुन्या खात्यात होते. एकीचे आले आणि दंडात गेले. या त्या पाच, ज्यांच्यापुढे कागदावर ‘जमा’ होतं. दोघींचा आधार कुठल्याच बँकेशी संलग्न नव्हता, त्यामुळे मंजुरी असूनही रक्कम जाऊच शकत नव्हती. एकीला संजय गांधी निराधार योजनेचं मानधन चालू होतं, म्हणजे नियमाने ती इथे अपात्र, तरी अर्ज मंजूर दाखवत होता. आणि एक उरली, जिचा अर्ज मंजूर, आधार बरोबर खात्याशी संलग्न, ती संलग्नता वर्षभर जुनी, पासबुक पूर्ण भरलेलं, आणि जमेची ओळ नाही. खरी बातमी त्या एका बाईत होती. नऊच्या गर्दीत ती मी स्वतःच हरवून टाकली होती.

माहिती अधिकार

वस्तीतून प्रकार कळतात, संख्या कळत नाही. ४१ पैकी ९ म्हणजे २२ टक्के, आणि मग जिल्ह्याच्या आकड्याला २२ टक्क्यांनी गुणायचं, असं करणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, थांबा. एका वस्तीतला हिशेब त्या वस्तीपुरताच लिहा. जिल्ह्याचा आकडा कागदावरूनच आला पाहिजे.

महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. शुल्क १० रुपये. ‘योजनेची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं, तर ३० दिवसांनी शासन निर्णयाची झेरॉक्स हातात येते. मी असं लिहिते:

‘पुणे जिल्ह्यासाठी, जुलै २०२४ पासूनच्या प्रत्येक हप्त्याकरिता, तालुकानिहाय पुढील संख्या द्याव्यात: (१) हप्ता वितरणाच्या दिवशी पात्र असलेले अर्ज, (२) ज्यांच्यासाठी रक्कम पाठवली ते लाभार्थी, (३) ज्यांच्या खात्यात रक्कम जमा झाली ते लाभार्थी, (४) ज्यांची रक्कम परत आली ते लाभार्थी, परत येण्याच्या कारणानुसार, (५) परत आलेल्यांपैकी ज्यांना रक्कम पुन्हा पाठवून जमा झाली ते लाभार्थी.’

दुसऱ्या प्रश्नापासून पुढे ‘लाभार्थी’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी मुद्दाम घातला आहे. तो नसेल, तर व्यवहारांची संख्या मिळते, आणि एका बाईचे सहा हप्ते म्हणजे सहा व्यवहार. चौथ्या प्रश्नातली कारणं तर सोन्यासारखी असतात. आधार कुठल्याच बँकेशी संलग्न नाही, खातं बंद, खातं गोठवलेलं, अशी कारणं बँकेकडून ठरावीक शब्दांत परत येतात. म्हणजे ती नोंदलेली असतात, फक्त मागावी लागतात.

नावं मागू नका. खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं, आणि तुम्हाला ती लागतही नाहीत. अर्ज दोन ठिकाणी द्या: जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि महिला व बालविकास आयुक्तालयात. आयुक्तालय पुण्यातच आहे, ही आपली सोय आहे. आवक-जावक कक्षात स्वतः जाऊन पोच घ्या. जिल्ह्याकडून पात्रतेचे आकडे मिळतात आणि वितरणाबद्दल ‘ही माहिती या कार्यालयात नाही’ असं उत्तर येतं. ते उत्तर मुकाट्याने घेऊ नका. माहिती दुसरीकडे असेल, तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं हे त्यांचंच काम आहे, कलम ६(३) प्रमाणे. तसं केलं नसेल, तर पहिल्या अपिलात हाच एक मुद्दा मांडा. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, शुल्क २० रुपये.

कार्यालयाला विचारताना

ज्या बायकांचा प्रश्न सुटत नाही, त्यांची लेखी संमती घ्या आणि फक्त त्यांचेच अर्ज क्रमांक कार्यालयाला द्या. प्रत्येकीसाठी विचारा: कुठल्या तारखेला रक्कम पाठवली, कुठल्या बँकेकडे गेली, जमा झाली की परत आली, परत आली तर कारण काय. उत्तराला तीन कामाचे दिवस द्या. संमती घेताना स्पष्ट सांगा की नाव कार्यालयाला कळणार आहे. अनेक बायकांना भीती असते की तक्रार केली तर चालू असलेलं नावही कापतील. जी नको म्हणेल, तिला पुन्हा आग्रह करायचा नाही.

माझ्या त्या एका बाईबद्दल आधी तोंडी उत्तर आलं की ‘सिस्टीममध्ये जमा दाखवतंय’. मी व्यवहार क्रमांक मागितला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की रक्कम पाठवण्याच्या यादीत तिचं नावच गेलेलं नव्हतं. ‘जमा’ हा शब्द पात्रतेच्या स्थितीवरून वाचला गेला होता. म्हणून सांगते, व्यवहार क्रमांकाशिवाय ‘जमा झाले’ हे उत्तर स्वीकारू नका, आणि पूर्ण भरलेल्या पासबुकाशिवाय ‘आले नाहीत’ हेही.

लिहिताना

पहिल्याच परिच्छेदात चार रकान्यांपैकी कुठल्या दोघांमधली तफावत तुम्ही मांडता आहात, ते सांगा. ‘पात्र ठरल्या पण पैसे पाठवले नाहीत’ आणि ‘पाठवले पण परत आले’ यांची बेरीज करून एक मोठा आकडा करायचा मोह होतो, तो टाळा. किती जणींशी बोललात, कुठे, कुठल्या तारखांना, हे बातमीतच लिहा. ज्यांचे पैसे जुन्या खात्यात निघाले त्यांचीही संख्या द्या. ती लपवली, तर कार्यालय ती छापील कागदावर तुमच्यासमोर ठेवतं. आधार क्रमांक, पासबुकाचा फोटो, खातेक्रमांक यातलं काहीही छापू नका, अर्धवट झाकूनसुद्धा नाही.

बातमी आल्यावर पुढचा हप्ता पडला की त्याच बायकांकडे परत जा. त्या बाईच्या खात्यात डिसेंबरमध्ये पहिला हप्ता आला. आधीच्या महिन्यांचे पैसे आले नव्हते. मागचे हप्ते देणार की नाही, हे मी कार्यालयाला लेखी विचारलं आणि त्या पत्राची पोच तिच्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून आले.